पंपाला किती?

"मामा, फोटो पाठवलाय बघा. पंपाला किती टाकू?"

डिसेंबर संपत आला होता. परभणी जिल्ह्यातल्या माझ्या भाच्याच्या दहा गुंठे हरभऱ्यात घाटेअळी दिसायला लागली होती. तालुक्याला जाऊन तो इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के एसजी या कीटकनाशकाचं १०० ग्रॅमचं पाकीट घेऊन आला. दुकानदारानं सांगितलं, पंपाला दहा ग्रॅम. शेजारी म्हणाला, एक बुच भरून टाक, कशाला मोजत बसतोस. दोघांवरही त्याचा भरवसा बसेना, म्हणून त्यानं पाकिटाचा फोटो काढून मला पाठवला. मी तो उघडून पाहायच्या आत दुसरा निरोप आला: "यावर अकराच लिहिलंय. पंपाला अकरा ग्रॅम टाकतो."

मी फोन करून त्याला थांबवलं. फोटोत अकरा लिहिलेलं होतं हे खरं, पण तो आकडा पंपाचा नव्हता.

फोटोत एक ओळ दिसत होती: हरभरा, घाटेअळी, ११, २२०, ५००, १४. ओळीच्या वरचं शीर्षक कापलं गेलं होतं. कोणता आकडा कशाचा हे त्या फोटोवरून कळायला मार्गच नव्हता. मी त्याला पाकिटाला चिकटवलेलं घडीचं माहितीपत्रक उलगडायला सांगितलं. मात्रेचा पूर्ण तक्ता बहुतेक वेळा त्या घडीच्या कागदावर असतो आणि बहुतेक घरांत तो कागद न उलगडताच चुलीत जातो. कागद सावलीत सपाट पाटावर ठेवायचा, चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवायचे, फ्लॅश बंद करायचा आणि फोन बरोबर वरून धरून फोटो काढायचा. फोटो तिरका आला की ओळी सरकतात, चमक आली की दशांशाचं टिंब उडतं. शीर्षकाची ओळ फोटोत हवीच. पीक कोणतं, हे आपल्याला माहीत असतं. रकाना कशाचा, हे शीर्षकच सांगतं.

दुसऱ्या फोटोत शीर्षक आलं आणि सगळा उलगडा झाला. सगळ्यात वर लिहिलं होतं, मात्रा प्रति हेक्टर. पहिला रकाना सक्रिय घटकाचा, दुसरा प्रत्यक्ष औषधाचा, तिसरा पाण्याचा लिटरमध्ये, आणि चौथा फवारणी ते काढणी यांमधल्या दिवसांचा. म्हणजे हरभऱ्यातल्या घाटेअळीसाठी एका हेक्टरला २२० ग्रॅम औषध, ५०० लिटर पाण्यात, आणि फवारल्यावर १४ दिवस काढणी नाही. अकरा ग्रॅम हे त्या २२० ग्रॅममधल्या अस्सल विषाचं वजन. बाकीचे २०९ ग्रॅम ते विष पाण्यात नीट विरघळावं म्हणून घातलेले इतर पदार्थ.

हे दोन रकाने एकमेकांची साक्ष देतात, आणि फोटोवरून वाचणाऱ्याला यापेक्षा सोपी पडताळणी दुसरी नाही. पाकिटावर ५ टक्के लिहिलंय. २२० चे ५ टक्के किती? अकरा. जुळलं, म्हणजे आपण योग्य ओळ आणि योग्य रकाना वाचतो आहोत. याच तक्त्यात भेंडीची ओळ आहे, तिथं औषध १३५ ते १७० ग्रॅम आणि सक्रिय घटक ६.७५ ते ८.५ ग्रॅम. धुरकट फोटोत ६.७५ चं टिंब गेलं तर ६७५ दिसतं आणि माणूस घाबरतो किंवा त्याहून वाईट म्हणजे घाबरत नाही. अशा वेळी १३५ चे ५ टक्के करून बघायचे, टिंब आपोआप जागेवर येतं. द्रवरूप औषधांत हा हिशोब किंचित हलतो, कारण टक्केवारी वजनावर असते आणि आपण मोजतो मिलिलिटर. क्लोरँट्रॅनिलीप्रोल १८.५ टक्के एससी या औषधाची मात्रा तक्त्यात १५० मिलि आणि सक्रिय घटक ३० ग्रॅम असा दिसतो. १५० चे साडेअठरा टक्के पावणेअठ्ठावीसच्या आसपास येतात. औषध पाण्यापेक्षा थोडं जड आहे, म्हणून ते ३० भरतात. एवढा फरक चालतो. दहापट किंवा वीसपट फरक आला, तर आपण चुकीच्या रकान्यात आहोत.

ओळ सरकण्याचा धोकाही असाच. भेंडीच्या ओळीत शेवटचा आकडा ५ दिवसांचा, वांग्याच्या ओळीत ३ दिवसांचा आणि हरभऱ्याच्या ओळीत १४ दिवसांचा. फोनवर तक्ता मोठा केला की डावीकडचं पिकाचं नाव पडद्याबाहेर जातं आणि डोळा नकळत वरच्या ओळीवर घसरतो. भाच्याला मी कागदावरच ओळीखाली पट्टी ठेवून पुन्हा फोटो काढायला लावला. अर्ध्या मिनिटाचं काम.

आता हेक्टरचं गुंठ्यात आणायचं. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, मीटरमध्ये जवळजवळ दहा बाय दहा. हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर, म्हणजे ढोबळमानाने शंभर गुंठे. काटेकोर मोजलं तर सुमारे ९९ गुंठे भरतात, पण फवारणीच्या हिशोबाला शंभर अगदी पुरेसे आहेत. हे एकदा डोक्यात बसलं की लेबलवरच्या हेक्टरी आकड्याला शंभरानं भागायचं, गुंठ्याचा आकडा हातात येतो. २२० ग्रॅमचे गुंठ्याला २.२ ग्रॅम. दहा गुंठ्यांना २२ ग्रॅम. एकरी हवं असेल तर अडीचनं भागा, ८८ ग्रॅम.

म्हणजे भाच्याच्या रानाला एकूण लागणारं औषध २२ ग्रॅम, आणि हा आकडा आता बदलत नाही. पंप कोणताही असो, चालणारा माणूस कोणीही असो, नोझल नवं असो की झिजलेलं, दहा गुंठ्यांवर पडायला हवेत ते २२ ग्रॅमच. लेबल रानाची मात्रा सांगतं. पंपाची मात्रा कुठलंच लेबल खात्रीनं सांगू शकत नाही, कारण तुमचा पंप किती गुंठ्यांत संपतो हे कंपनीला ठाऊक नसतं. "पंपाला किती?" या प्रश्नाचं उत्तर निम्मं लेबलवर असतं आणि निम्मं तुमच्या चालीत.

ते निम्मं उत्तर शोधायला मी भाच्याला साध्या पाण्याची एक फेरी मारायला सांगितली. त्याचा पंप १६ लिटरचा, चार्जिंगचा. रानाच्या एका कडेला त्यानं दोरीनं ३३ बाय ३३ फुटांचा चौकोन आखला आणि चार कोपऱ्यांवर काठ्या रोवल्या. बॅटरी पूर्ण चार्ज केलेली, कारण बॅटरी उतरली की दाब उतरतो आणि मोजमाप खोटं पडतं. पंप सपाट जागी ठेवून गळ्याजवळच्या एका खुणेपर्यंत पाणी भरलं. मग खऱ्या फवारणीला चालतो तसं चालत त्या चौकोनात फवारलं, पंप त्याच जागी आणून ठेवला आणि पुन्हा त्या खुणेपर्यंत पाणी भरायला किती लागतं ते लिटरच्या मापानं मोजलं. तीन लिटर आणि वर २०० मिलि.

गुंठ्याला ३.२ लिटर म्हणजे दहा गुंठ्यांना ३२ लिटर, म्हणजे बरोबर दोन पंप. लेबल मात्र गुंठ्याला पाच लिटर पाणी मागत होतं. भाचा भराभरा चालत होता. मी विचारलं, पानं ओली झाली का? तो वाकून बघून म्हणाला, वरची झाली, आतली नाहीत. घाटेअळी घाट्यात तोंड खुपसून बसते, आतल्या फांद्या कोरड्या राहिल्या तर औषध तिच्यापर्यंत पोचत नाही.

असं झालं की माणसं दोन रस्ते धरतात. एक म्हणजे पाणी तेवढंच ठेवून पंपात औषध वाढवायचं. हिशोबानं ते चूक दिसत नाही, २२ ग्रॅम दोन पंपांत, म्हणजे पंपाला अकरा. भाच्याच्या पहिल्या वाचनातला अकरा योगायोगानं इथं पुन्हा येतो. पण पानाआड पाणी पोचलं नाही तर औषधही पोचत नाही, आणि फवारणाऱ्याच्या अंगावर उडणारा प्रत्येक थेंब दीडपट जहाल होतो. दुसरा रस्ता चाल कमी करण्याचा, आणि माझ्या मते आधी तोच धरावा. भाच्यानं पुन्हा चौकोन फवारला. या वेळी सावकाश, झाडाच्या दोन्ही अंगांनी नोझल फिरवत. पुन्हा भरायला लागले चार लिटर आणि ८०० मिलि. हे लेबलच्या पाचला पुरेसं जवळ आलं. दहा गुंठ्यांना ४८ लिटर, म्हणजे बरोबर तीन पंप.

२२ ग्रॅमचे तीन भाग. पंपाला ७.३ ग्रॅम.

दुकानदाराच्या दहानं तीन पंपांत ३० ग्रॅम गेले असते आणि लेबल चुकून वाचलेल्या अकरानं ३३ ग्रॅम, म्हणजे दीडपट. उलट त्यानं बरोबर सात ग्रॅम टाकून पहिल्यासारखं दोन पंपांत रान उरकलं असतं, तर जमिनीवर पडले असते १४ ग्रॅम. अळी अर्धमेली होऊन वाचली असती आणि आठ दिवसांनी तो मला म्हणाला असता, औषध बोगस निघालं. गावोगाव ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यातल्या किती तक्रारी औषधाच्या आणि किती अशा न मोजलेल्या पंपांच्या, हे कुणी तपासत नाही.

पेट्रोलवरच्या पॉवर पंपाचंही इथंच सांगून टाकतो. कृषी सल्ल्यांत बरेचदा शेवटी एक ओळ असते, पॉवर पंपासाठी औषधाची मात्रा तिप्पट करावी. त्यामागचं कारण हेच. तो पंप बारीक तुषार उडवतो आणि तेवढ्याच रानाला साध्या पंपाच्या मानानं फार कमी पाण्यात पुरतो, म्हणून कमी पंपांत रानाची तीच मात्रा बसवायला हवी. चार्जिंगचा पंप म्हणजे पॉवर पंप असं समजून कुणी त्यात तिप्पट टाकलं, तर दहा गुंठ्यांवर २२ च्या जागी ६६ ग्रॅम पडतात. चार्जिंगच्या पंपाला ती ओळ लागू नाही. आपला पंप कोणत्या जातीचा, याचं उत्तर नावावरून देऊ नका, एका गुंठ्याला किती पाणी लागलं त्यावरून द्या.

मोजणी झाली, आता वजन. ७.३ ग्रॅम बुचानं मोजता येत नाही, काड्यापेटीनं येत नाही आणि चमच्यानं तर नाहीच. भुकटी किंवा दाणे दाबून भरले की जास्त बसतात, सैल भरले की कमी, आणि एका औषधाचं बुच दुसऱ्या औषधाच्या बुचाएवढं जड नसतं. ग्रॅमसाठी काटाच लागतो. सोनाराकडे असतो तसा खिशात मावणारा डिजिटल काटा बाजारात मिळतो, तो फक्त औषधासाठीच ठेवायचा. तरीही पंपागणिक सात ग्रॅम वजन करण्यापेक्षा सगळे २२ ग्रॅम एकदाच तोलणं बरं, चूक कमी होते आणि पाकीट एकदाच उघडावं लागतं. भाच्यानं जुन्या बादलीत तीन लिटर पाणी मोजून घेतलं, त्यात २२ ग्रॅम घालून काठीनं ढवळलं. दाणे पूर्ण विरघळले. पंपात अर्ध्यापर्यंत साधं पाणी, मग बादली ढवळून त्यातलं एक लिटर द्रावण, मग उरलेलं पाणी १६ लिटरच्या खुणेपर्यंत. तीन पंप, तीन लिटर, बादली रिकामी. कोरडं औषध थेट रिकाम्या टाकीत टाकलं तर ते तळाशी, जाळीत बसतं, सुरुवातीच्या ओळींना जहाल आणि शेवटच्या ओळींना नुसतं पाणी मिळतं.

तुमचं रान दहाच्या पटीत नसेल तर शेवटचा पंप पूर्ण भरू नका. साडेतीन पंप लागणार असतील तर चौथ्यात आठच लिटर पाणी आणि निम्मं औषध. सवयीनं पूर्ण पंप भरला की उरलेलं आठ लिटर विष घेऊन माणूस उभा राहतो, आणि मग ते बांधाकडच्या भाजीवर, नाहीतर ओढ्यात जातं.

आता जे मी भाच्याला औषध उघडण्याआधी सांगितलं, ते इथं सांगतो. आपण याला "औषध" म्हणतो, मीही या लेखात तेच म्हणतोय, कारण रानात दुसरा शब्द कुणी वापरत नाही. पण लेबलवर तिरक्या उभ्या चौकोनातला खालचा त्रिकोण बघा. लाल रंग सर्वांत विषारी, त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. आपल्या कीटकनाशक कायद्याचे नियम १९७१ चे, त्यांनी ही खूण प्रत्येक डब्यावर बंधनकारक केली आहे. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, चौघांत कमी विषारी एवढंच.

सगळ्यात मोठा धोका फवारताना असतो असं बहुतेकांना वाटतं. मला जास्त भीती बादलीपाशी वाटते. पंपात एका लिटरमध्ये अर्धा ग्रॅमसुद्धा औषध नसतं. बादलीत ते सोळापट दाट असतं आणि पाकिटात शुद्ध. ते तोलताना, ओतताना, ढवळताना हाताला लागतं. म्हणून हातमोजे पाकीट फोडायच्या आधी घालायचे, कोपरापाशी येणारे रबराचे, भोक नसलेले. पाणी भरून पाहिलं की भोक कळतं. डोळ्यांना चष्मा, नाकातोंडाला मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट, पूर्ण पँट आणि गमबूट. नाकाला बांधलेला ओला रुमाल मास्कचं काम करत नाही, तो औषध शोषून ते तोंडाशी धरून ठेवतो. ओतताना वाऱ्याकडे पाठ, आणि तोंडाजवळ आणून वास घेणं अजिबात नाही. ढवळायला काठी, हात कधीच नाही.

साध्या पाण्याच्या फेरीचा दुसरा फायदा इथं दिसला. गुंठाभर फवारून भाचा परत आला तेव्हा त्याचा शर्ट पाठीवर ओला झाला होता. टाकीच्या झाकणाचं वायसर सुकून चिरलेलं होतं आणि प्रत्येक पावलाला पाणी बाहेर उसळत होतं. त्या दिवशी ते पाणी होतं. वायसर बदललं, मगच पुढचं. पंप पाठीवर गळतोय हे माणसाला ओलसरपणामुळे कळतं, आणि घाम आलाय असं समजून तो तासभर फिरत राहतो. त्वचेतून विष आत जातं, त्याला तोंडातून जायची गरज नसते.

नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकायचं नाही. ही सवय इतकी रुजलीय की मोठी अनुभवी माणसंही ती करतात. खिशात एक जादा नोझल ठेवायचं, तुंबलेलं काढून पाण्याच्या बाटलीत टाकायचं आणि जुन्या दात घासायच्या ब्रशनं साफ करायचं. फवारताना वारा बाजूनं अंगावरून पलीकडे जाईल असं चालायचं, फवारलेल्या ओळींत परत शिरायचं नाही. हरभरा फुलात होता, मधमाश्या येत होत्या आणि इमामेक्टिन मधमाश्यांना फार घातक आहे, म्हणून भाच्यानं चार वाजेपर्यंत थांबून माश्या परतल्यावर फवारलं. संध्याकाळची वेळ आणखी एका कारणानं चांगली, हे औषध उन्हात लवकर विघटित होतं.

एकाच पंपात दोन-तीन औषधं मिसळायचा मोह फार असतो, एका फेरीत अळीही जाते आणि मावाही. मी तो सल्ला देत नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेनं २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयांत दाखल झाले. त्या वर्षी कपाशी डोक्यापर्यंत वाढली होती, फवारा वरच्या दिशेनं धरावा लागत होता आणि अनेक ठिकाणी वेगवेगळी कीटकनाशकं एकत्र मिसळली जात होती. रोगी समोर आला तेव्हा त्याच्या अंगात नेमकं काय गेलंय हे सांगायला बरोबर आलेल्या माणसापाशी डबाही नसेल, तर डॉक्टरनं काय करायचं?

म्हणून लेबलचे फोटो मात्रेपुरते काढू नका. भाच्याकडून मी चार काढून घेतले. दर्शनी बाजू, जिथं औषधाचं शास्त्रीय नाव, टक्केवारी आणि त्रिकोण असतो. मात्रेचा तक्ता. विषबाधेची लक्षणं, प्रथमोपचार आणि उतारा लिहिलेला भाग. आणि बॅच क्रमांक, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख. हे चारही फोटो त्यानं बायकोच्या फोनवरही पाठवले. ते मी मुद्दाम सांगितलं होतं, कारण रानात चक्कर येऊन पडलेल्या माणसाच्या फोनला कुलूप असतं. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, खूप घाम किंवा तोंडाला पाणी सुटणं, यातलं काहीही जाणवलं की पंप तिथंच उतरवायचा. कपडे काढून अंग साबणानं धुवायचं आणि दवाखाना गाठायचा. दूध, ताक, मिठाचं पाणी पाजून उलटी काढण्याचे उपाय गावात लगेच सुरू होतात. लेबलवर स्पष्ट लिहिलेलं नसेल आणि डॉक्टरनं सांगितलं नसेल तर उलटी काढू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा नि:शुल्क क्रमांक १८०० ११६ ११७. डॉक्टरला बाटलीचा रंग सांगू नका, फोटो दाखवा.

भाच्याचं फवारून झालं तेव्हा साडेसहा वाजले होते. टाकीत थोडं पाणी घालून हिसळून ते पाणी त्यानं हरभऱ्याच्याच कडेच्या ओळींवर फवारलं, असं तीनदा. बादली आणि लिटरचं मापही तसंच धुतलं, मापावर खिळ्यानं फुलीची खूण केली, म्हणजे ते कुणी स्वयंपाकघरात नेणार नाही. उरलेले ७८ ग्रॅम मूळ पाकिटातच राहिले. पाकीट घडी घालून चिमट्यानं बंद केलं आणि गोठ्याच्या माळ्यावरच्या कुलुपाच्या पेटीत गेलं. ते दुसऱ्या डब्यात, बरणीत किंवा थंड पेयाच्या बाटलीत ओतायचं नाही, लेबल गेलं की औषधाची ओळखच गेली. कपडे घरच्या कपड्यांपासून वेगळे धुतले, आंघोळ केली, मग पाणी प्याला.

तक्त्यातला शेवटचा आकडा राहिला, १४ दिवस. हा आकडा काढणीचा आहे आणि हरभऱ्याची काढणी तर महिन्यानं होणार होती, म्हणून त्याला तो निरुपयोगी वाटला. पण परभणीकडे हरभरा काय फक्त मळणीला खातात? कोवळे शेंडे खुडून त्यांची भाजी होते, शाळेतून येणारी पोरं रस्त्याकडेचे डहाळे उपटून तिथंच सोलून खातात, आणि दाराशी आलेल्या पाहुण्याच्या हातात डहाळ्यांची पेंडी द्यायची रीत आहे. ते चौदा दिवस यांनाही लागू आहेत. फवारणी २८ डिसेंबरला झाली. भाच्यानं रस्त्याच्या बाजूला काठीला लाल कापड बांधलं, शेजारच्या घरांत सांगून आला आणि पाकिटावर पेननं लिहिलं: ११ जानेवारीपर्यंत भाजी नाही, डहाळे नाहीत.